राज्याभिषेकाचे दोन वृत्तांत

१६७४ च्या जूनमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन व्यापारी तहासाठी तेव्हा गडावर होता. त्याने सिंहासन, भाल्यांवर लावलेली माशांची सोनेरी तोंडे आणि तराजू यांची डोळ्यांदेखत नोंद केली. धार्मिक विधी मात्र त्याला परके होते.

कृष्णाजी अनंत सभासदाने बखर सुमारे वीस वर्षांनी, राजाराम महाराजांसाठी लिहिली. तो शिवाजी महाराजांचाच चाकर. त्यामुळे विधींचा अर्थ त्याला कळतो, पण धन्याचे वैभव सांगण्याकडे त्याचा ओढा आहे. सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते, असे तो सांगतो.

भव्य सिंहासनाबाबत परस्परांशी संबंध नसलेले हे दोघे जुळतात, म्हणून ते निश्चित मानावे. बत्तीस मणांचा आकडा मात्र सभासदाच्या नावानेच सांगावा.