पट्टा कुठे फुगतोय?

सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान टीमचा कानबान बोर्ड समजा. रकाने चार: करायचंय, कोडिंग, टेस्टिंग, पूर्ण. दर आठवड्याला तीन कार्डं पूर्ण होतात, महिनाभर तेवढीच. आकडा स्थिर, त्यामुळे मीटिंगमध्ये कोणी काही बोलत नाही.

आता त्याच महिन्याचा क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम पाहू. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर कार्डांची संख्या. प्रत्येक रेघ सांगते, त्या टप्प्यापर्यंत आजवर एकूण किती कार्डं पोहोचली. दोन रेघांमधला रंगीत पट्टा म्हणजे त्या रकान्यात आत्ता असलेली कार्डं.

महिन्याच्या सुरुवातीला टेस्टिंगला पोहोचलेली १२, पूर्ण झालेली १०. पट्टा दोन कार्डांचा. कोडिंगकडून दर आठवड्याला पाच कार्डं येतात, टेस्टिंगमधून तीनच बाहेर पडतात. चार आठवड्यांनी वरची रेघ ३२ वर, खालची २२ वर. पट्टा दहाचा झाला! वरची रेघ खालचीपेक्षा चढी राहिली की रांग वाढणारच. गिरणीत दळण होतं त्याहून जास्त डबे येत राहिले तर आणखी काय होणार?

पट्टा आडवाही मोजता येतो. २२ च्या उंचीवर आडवी रेघ ओढा. बावीस हा आकडा वरच्या रेघेने दुसऱ्या आठवड्याअखेर गाठला होता, खालचीने आज. म्हणजे आज सुटलेलं कार्ड टेस्टिंगमध्ये साधारण दोन आठवडे होतं. पण ही झाली मागची गोष्ट. आज आत आलेल्या कार्डापुढे नऊ कार्डं आहेत, आणि वेग आठवड्याला तीनच. त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागतील. म्हणून मी आधी उभी जाडी बघतो. उशीर कार्डांच्या तारखांत उतरण्याआधी तो तिथे दिसतो.

फुगलेला पट्टा जागा दाखवतो, कारण नाही. त्यासाठी टेस्टिंगचा रकाना दोन भागांत तोडावा: ‘थांबलेली’ आणि ‘सुरू’. आठ थांबलेली, दोन सुरू असतील, तर टेस्ट करणारे हात कमी पडताहेत. दहाही ‘सुरू’ असतील तर मामला वेगळा: कार्डं एकदम हातात घेतली आहेत, किंवा सर्व्हर मिळेना म्हणून अर्धवट पडली आहेत. तिथे माणूस वाढवून फारसा फरक पडत नाही.

टेस्टिंगला चार कार्डांची मर्यादा घातली की पट्टा आपोआप सपाट होतो आणि सगळे खूश होतात. लगेच एक रंग वर बघावं. तयार कार्डं पुढे सरकेनात म्हणून आता कोडिंगचा पट्टा फुगू लागलेला असतो. रांग तीच, फक्त मागे सरकली. मर्यादेचा उपयोग तेव्हाच, जेव्हा कोडिंगवाला नवं कार्ड न उचलता टेस्टिंगला हात लावतो.

आणि एखादी रेघ खाली उतरलेली दिसली, तर आधी बोर्ड तपासा. आजवरची बेरीज कमी होत नसते. कोणीतरी कार्ड मागच्या रकान्यात ढकललेलं असतं किंवा पुसलेलं.