एका सिलिंडरमध्ये किती युनिट?

गॅस किलोने मिळतो, वीज युनिटने. त्यामुळे 'इंडक्शन स्वस्त की गॅस?' या प्रश्नाचं उत्तर घरोघरी अंदाजानेच दिलं जातं. दोन्ही एकाच मापात आणले की तो वाद बराचसा मिटतो, आणि त्यासाठी लागणारा आकडा शाळेतलाच आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३.६ मेगाज्यूल. हजार वॅटचं उपकरण ३,६०० सेकंद चाललं की इतकी ऊर्जा खर्च होते.

एलपीजी एक किलो जाळला की साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे जवळपास ६५३ मेगाज्यूल. याला ३.६ने भागलं की १८१ युनिट येतात. इथे भागाकाराऐवजी गुणाकार करण्याची चूक सर्रास होते आणि उत्तर अडीच हजारांच्या घरात जातं. ती पकडायला एक खूण लक्षात ठेवावी: किलोभर एलपीजीत सुमारे पावणेतेरा युनिट असतात. पडताळणी कॅलरीतूनही होते. जुन्या पुस्तकांत किलोला ११,००० किलोकॅलरी दिलेल्या असतात आणि एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी. भागून पाहा, उत्तर तेच.

तक्त्यांमध्ये मात्र एलपीजीसाठी दोन आकडे सापडतात, ४६च्या आसपासचा आणि ५०च्या जवळचा. गॅस जळताना पाण्याची वाफ होते. ती पुन्हा थंड होऊन पाणी झाली तर आणखी थोडी उष्णता सुटते आणि मोठा आकडा तीही धरतो. स्वयंपाकघरात ती वाफ हवेतच निघून जाते, म्हणून आपल्या हिशेबाला लहान आकडा बरा. पाइपच्या गॅसलाही हाच नियम. त्याच्या एका घनमीटरात सुमारे ३५ मेगाज्यूल, म्हणजे पावणेदहा युनिट.

सिलिंडर ८५० रुपयांचा धरला तर युनिटला ४ रुपये ७० पैसे पडतात. विजेचा दर याहून चढाच असतो, तेव्हा गॅसच स्वस्त, असं म्हणून बहुतेक जण इथे थांबतात. पण खरा हिशेब इथून पुढे आहे. ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. चांगल्या शेगडीवर शंभरातले ६५ भाग भांड्यात पोहोचतात असं धरू, तर इंडक्शनवर ८५. म्हणजे सिलिंडरच्या १८१ युनिटांपैकी ११८ कामी आले. तेवढंच काम इंडक्शनवर करायला सुमारे १३९ युनिट वीज लागेल. ८५० भागिले १३९, म्हणजे सहा रुपये दहा पैसे. वीज याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन फायद्याचं, महाग असेल तर गॅस.

विजेचा कुठला दर घ्यायचा? बिलाची रक्कम भागिले युनिट, असं केलं तर फसगत होते. त्यात स्थिर आकार मिसळलेला असतो आणि तो इंडक्शन लावलं नाही तरी भरावाच लागतो. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० युनिटांना त्याहून बराच चढा दर असतो. इंडक्शनची वीज नेहमी वरच्या टोकाला जोडली जाते. म्हणून त्या टप्प्याचा ऊर्जा आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची बेरीज करून त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवावं.

महिन्याला ८० युनिट वापरणारं एक घर घेऊ. सिलिंडर दीड महिना पुरतो, म्हणजे सगळा स्वयंपाक इंडक्शनवर गेला तर महिन्याला ९३ युनिट वाढतील. त्यातले २० पहिल्या टप्प्यात बसतील, ७३ दुसऱ्यात जातील. सोयीसाठी हे दर सात आणि तेरा रुपये धरले, तर वाढीव बिल १,०८९ रुपये. गॅसचा महिन्याचा खर्च मात्र ५६७ रुपये! या घराने फक्त पहिल्या टप्प्यात बसतील तेवढेच २० युनिट इंडक्शनवर वापरले, तरी गॅस थोडा स्वस्तच राहतो.

शेगडीच नीट नसेल तर निकाल बदलू शकतो. ज्योत पिवळी, भांड्याच्या बुडाला काजळी, किंवा छोट्या पातेल्याखाली मोठा बर्नर असेल आणि ६५ऐवजी ५० भागच कामी येत असतील, तर त्याच सिलिंडरचं काम इंडक्शन १०६ युनिटांत करतं आणि सहा रुपये दहा पैशांची सीमा आठ रुपयांवर जाते. मग वर सात रुपयांना धरलेली वीजही गॅसपेक्षा स्वस्त ठरते.

तेव्हा इंडक्शन घेण्याआधी बर्नर साफ करून घ्या आणि शेवटचं बिल काढून आपलं घर कुठल्या टप्प्यात आहे ते पाहा.