पन्नास हजार जमा, बाकी किती?

बँकेचा मेसेज येतो: खात्यात ५०,००० रुपये जमा. पाठवणारी कंपनी ओळखीची, कामही आपणच केलेले. पण बिल काही पन्नास हजारांचे नव्हते. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. व्हॉट्सॲपवर अंगठा किंवा जोडलेले हात पाठवून मोकळे होतात, नाहीतर त्याच रागात ‘बाकीचे कधी?’ असे विचारतात. पहिल्या उत्तरातून समोरच्याला काहीच कळत नाही. दुसऱ्यातून राग कळतो, पण आकडा कळत नाही. आणि कंपनीच्या अकाउंट्समध्ये बसलेल्या माणसाला फक्त आकड्याशी काम असते.

उत्तर लिहिण्याआधी पैसे खरोखरच कमी आले आहेत का, हे तपासावे. अंतर्गत सजावटीचा व्यवसाय करणाऱ्या पुण्यातल्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. चाकणमधल्या एका कंपनीच्या ऑफिसचे आराखडे त्यांनी करून दिले. त्याचे बिल क्रमांक २१, ४ जुलैचे: शुल्क ६०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, मिळून ७०,८००. नंतर साइटवरच्या देखरेखीचे बिल क्रमांक २७, २८ जुलैचे: शुल्क २५,०००, जीएसटी ४,५००, मिळून २९,५००. दोन्ही बिलांची बेरीज १,००,३००. १४ ऑगस्टला जमा झाले ५०,०००. बाईंच्या मनात सहज येणारा आकडा म्हणजे ५०,३०० बाकी. तो चुकीचा आहे.

कंपनी व्यावसायिक शुल्कातून टीडीएस कापते. सजावटकाराच्या शुल्कावर ही कपात १० टक्के असते आणि जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर ती फक्त मूळ शुल्कावर होते. म्हणजे पहिल्या बिलावर ६,००० आणि दुसऱ्यावर २,५००, एकूण ८,५००. हे पैसे कंपनी बाईंच्या पॅनवर सरकारकडे भरते, बाईंच्या खात्यात ते कधीच येणार नसतात. त्यामुळे प्रत्यक्ष हातात यायची रक्कम पहिल्या बिलापोटी ६४,८०० आणि दुसऱ्यापोटी २७,०००, म्हणजे ९१,८००. त्यातून ५०,००० वजा केले की येणे उरते ४१,८००. कपात कधी होते, हेही लक्षात ठेवायला हवे. कंपनीने बिल आपल्या वहीत नोंदवले किंवा पैसे दिले, यांतले जे आधी घडेल तेव्हा ती होते. म्हणून पैसे अर्धेच आले तरी कर बहुधा पूर्ण बिलावर कापलेला असतो. पहिल्या बिलाचे नेमके ६४,८०० आले असते, तर तो अर्धा भरणा नव्हेच. ते पूर्ण बिल चुकते झाले होते. तिथे ‘६,००० कमी आले’ असा मेल पाठवला की अकाउंटंटच्या लेखी आपली किंमत उतरते. अर्ध्या भरण्याची रक्कम मात्र बहुधा गोल असते. कोणीतरी वरून ‘सध्या पन्नास टाका’ असे सांगितलेले असते.

आता हे पन्नास हजार कोणत्या बिलापोटी धरायचे? मेसेजमध्ये तसे काही नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये याचे उत्तर आहे. देणाऱ्याने ‘हे अमुक बिलाचे’ असे सांगितले असेल, किंवा परिस्थितीवरून ते उघड असेल, तर पैसे त्याच बिलापोटी धरावे लागतात. त्याने काहीच सांगितले नसेल तर घेणारा स्वतः ठरवू शकतो. दोघांपैकी कोणीच ठरवले नाही तर जुने देणे आधी फिटते. बाईंनी पन्नास हजार जुन्या बिलापोटी धरलेले बरे, कारण बिल जितके जुने तितकी त्यावर हरकत निघायची शक्यता जास्त. पण हे मनातल्या मनात ठरवून भागत नाही. कंपनीच्या माणसाने टॅलीत ही रक्कम कोणत्याही बिलाशी न जोडता ‘ऑन अकाउंट’ टाकली आणि बाईंनी आपल्याकडे बिल २१ ला लावली, तर एकूण बाकी जुळेल, पण बिलवार यादी जुळणार नाही. मग सहा महिन्यांनी ‘मॅडम, २१ नंबर तर अजून पूर्ण उघडा दिसतोय’ असा फोन येतो.

तर त्यांचा मेल असा असावा:

विषय: ५०,००० रुपये मिळाले, बिल क्र. २१ व २७ पोटी बाकी ४१,८०० रुपये

नमस्कार सर,
१४ ऑगस्ट रोजी आपल्याकडून एनईएफटीने ५०,००० रुपये मिळाले (यूटीआर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे). धन्यवाद. ही रक्कम बिल क्र. २१, दि. ४ जुलै, यापोटी भागशः जमा केली आहे.
बिल क्र. २१: ७०,८००, वजा टीडीएस ६,०००, वजा मिळालेले ५०,०००, बाकी १४,८००.
बिल क्र. २७: २९,५००, वजा टीडीएस २,५००, बाकी २७,०००.
एकूण येणे बाकी ४१,८०० रुपये (एक्केचाळीस हजार आठशे फक्त).
टीडीएस १० टक्के धरला आहे. आपली कपात वेगळी असल्यास कृपया कळवावे. बाकी रक्कम ३१ ऑगस्टपर्यंत जमा करावी. कोणत्याही बिलाबाबत शंका असल्यास तीही या मेलवरच कळवावी.

मेल एवढाच. विषयाच्या ओळीतच बाकीचा आकडा आहे, कारण पुढे मंजुरी देणारा साहेब बहुधा तेवढीच ओळ वाचतो. बाकी एकाच नेमक्या आकड्यात सांगितली आहे. ‘साधारण चाळीसच्या आसपास’ असे लिहिले असते तर पुढचा भरणा बरोबर चाळीसचाच आला असता. रक्कम अक्षरी लिहायची पद्धत चेकवर असते, पण इथेही ती कामाची आहे. तारीख ठरलेली आहे. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना अकाउंट्सच्या टेबलावर काही वजन नसते. आणि धन्यवाद आहेत, पण एकदाच. आपल्याच पैशांसाठी ‘तसदीबद्दल क्षमस्व’ लिहिण्याची आपल्याकडची सवय मला कधीच कळलेली नाही.

मेलमध्ये जे नाही, तेही तितकेच महत्त्वाचे. ‘हिशेब पूर्ण’, ‘काही बाकी नाही’ किंवा ‘फुल अँड फायनल’ असा एकही शब्द त्यात यायला नको. करार कायद्याचे कलम ६३ सांगते की घेणारा आपले येणे पूर्ण किंवा काही प्रमाणात सोडू शकतो, आणि कमी रक्कम संपूर्ण फेड म्हणून स्वीकारली तर सगळे देणे संपते. कायद्यातच उदाहरण दिले आहे: पाच हजार देणे असताना दोन हजार दिले आणि ते पूर्ण फेड म्हणून घेतले, तर पुढचे तीन हजार मागता येत नाहीत. म्हणून भरण्याच्या शेऱ्यात किंवा सोबतच्या मेलमध्ये कंपनीने ‘फुल अँड फायनल’ लिहिलेले दिसले तर गप्प बसू नये. त्याच दिवशी उत्तर द्यावे: ‘ही रक्कम भागशः भरणा म्हणून स्वीकारली आहे, पूर्ण फेड म्हणून नाही, बाकी ४१,८०० रुपये.’ पैसे ठेवून घेतले आणि चार महिने बोललोच नाही, तर आपण ते मान्य केले होते असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

कधी पैसे कमी येतात ते कामाबद्दलच्या तक्रारीमुळे: देखरेखीला दोन भेटी कमी झाल्या, वगैरे. ती रास्त असेल आणि पाच हजार कमी करायचे ठरले, तर पुढच्या मेलमध्ये नुसती बाकी घटवून लिहू नये. तेवढ्याची क्रेडिट नोट काढावी, म्हणजे जीएसटीही त्या प्रमाणात कमी होतो. तक्रार मान्य नसेल तर वादातली रक्कम वेगळी लिहावी आणि उरलेली, जिच्यावर वाद नाही, ती आधी मागावी. दोन्ही एकत्र ठेवले की वाद मिटेपर्यंत सगळेच अडकते.

जीएसटीच्या बाजूने दोन गोष्टी घडतात. बाईंनी दोन्ही बिलांवर मिळून १५,३०० रुपये कर लावला आहे, आणि पैसे अर्धे आले म्हणून तो अर्धा भरून चालत नाही. बिल काढले की कर पूर्ण भरायचा. कमी भरण्याची झळ त्यांना पहिल्यांदा इथेच लागते. पण कंपनीवरही एक बंधन आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत बिलाची रक्कम करासह चुकती केली नाही, तर न दिलेल्या भागावर घेतलेली कराची वजावट कंपनीला व्याजासह परत करावी लागते. पहिल्याच मेलमध्ये हे लिहिण्याची गरज नाही, ते धमकीसारखे वाटते. चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र ‘बिल क्र. २१ चे १८० दिवस ३१ डिसेंबरला पूर्ण होतात’ ही एक ओळ अकाउंटंटला बरोबर कळते.

बाईंची उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची असेल, तर सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदाही मदतीला आहे. लेखी करारात मुदत कितीही लांबवली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जात नाही, आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हेही आकड्यासकट तेव्हाच लिहावे, जेव्हा ते खरोखर मागायचे असेल.

मेलला उत्तर मिळवणेही कामाचाच भाग आहे. येण्याचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. त्या मुदतीत कंपनीने बाकी लेखी आणि सहीनिशी मान्य केली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. त्यामुळे मार्चअखेर बाकीचा आकडा लिहून कंपनीचा सही-शिक्का घेतलेले एक पत्र फाइलला असावे. मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटला असे पत्र लागतेच, तेव्हा मागायला संकोच नको.

आता कंपनीच्या अकाउंटंटचे उत्तर येते ते असे: ‘मॅडम, आम्ही तांत्रिक सेवा धरून २ टक्केच कापला आहे. चेक करा.’ म्हणजे टीडीएस ८,५०० नव्हे, १,७०० कापला गेला. मेलमधली ‘आपली कपात वेगळी असल्यास कळवावे’ ही ओळ इथे कामी आली. बाईंनी आधी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनसमोर काय जमा दिसते ते पाहावे. तिमाहीचे विवरण भरेपर्यंत ते दिसत नाही, तोवर कंपनीचे म्हणणे लेखी ठेवावे. सजावटीचे शुल्क व्यावसायिक सेवेत मोडते की तांत्रिक, ही कंपनीच्या सीएची डोकेदुखी. बाईंनी त्यात पडू नये. त्यांच्या हाती यायची रक्कम आता ९८,६०० झाली, आणि ५०,००० मिळालेले आहेत. त्याच मेलच्या साखळीत त्यांनी लिहावे: ‘कळवल्याबद्दल आभार. टीडीएस १,७०० धरून सुधारित बाकी: बिल क्र. २१ पोटी १९,६००, बिल क्र. २७ पोटी २९,०००, एकूण ४८,६०० रुपये. आधीच्या मेलमधला ४१,८०० हा आकडा रद्द समजावा. तारीख तीच, ३१ ऑगस्ट.’