पाण्याचा नकाशा : तीन रेघा आणि दोन बिंदू



आमच्या गटाच्या पोळी-भाजी केंद्रात एकदा दुपारच्या घाईत कुकर उघडताना अपघात झाला. गॅस बंद केलेला, शिट्टी थांबलेली. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा कुकर होता. झाकण घट्ट वाटलं म्हणून एका ताईंनी जोर लावून ते फिरवलं आणि डाळ छतापर्यंत उडाली. ताईंचा हात भाजला. बऱ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "आच नव्हती, आतलं पाणी उकळतही नव्हतं. मग झाकण निघाल्यावर ते उसळलं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर एका साध्या आकृतीत आहे. शाळा-कॉलेजात तिला अवस्था-आकृती म्हणतात. आम्ही तिला पाण्याचा नकाशा म्हणतो. वही-पेन्सिल जवळ असेल तर आमच्याबरोबर काढत चला.

कागदाच्या खालच्या कडेला एक आडवी रेघ मारा. ती तापमानाची. डावीकडे थंड, उजवीकडे गरम. डाव्या कडेला एक उभी रेघ मारा. ती दाबाची. खाली कमी दाब, वर जास्त. दाब मोजायला आपण हवेचाच दाब धरू. समुद्रकाठी हवा आपल्यावर जेवढी दाबते, तो दाब 'एक पट'. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, एका चौरस सेंटिमीटरवर, साधारण १ किलोचं ओझं.

आता कागदावर कुठेही बोट ठेवलंत, तर ते बोट दोन गोष्टी सांगतं : तापमान किती आणि दाब किती. त्या तापमानाला आणि त्या दाबाला पाणी कोणत्या रूपात राहील, हे नकाशा सांगतो. नकाशात तीन गावं आहेत. डावीकडे बर्फ, मध्ये वरच्या बाजूला पाणी, आणि उजवीकडे खाली वाफ. गावांच्या मध्ये शिवेच्या रेघा आहेत. गावाच्या आत एकच रूप टिकतं. शिवेवर मात्र दोन्ही रूपं शेजारी-शेजारी नांदतात.

पहिली शीव पाणी आणि वाफ यांच्यातली. ती डावीकडून उजवीकडे चढत जाते, म्हणजे दाब वाढला की उकळण्याचं तापमानही वाढतं. एक पट दाबाला पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. कुकरमध्ये याच्या उलट होतं. बहुतेक घरगुती कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा आणखी एक पट दाब झाल्यावर उचलली जाते. म्हणजे आत एकूण दोन पट दाब असतो, आणि त्या दाबाला शीव १२० अंशांवर आहे. डाळ लवकर शिजते ती या वीस जादा अंशांमुळे.

आता ताईंचा कुकर बघू. गॅस बंद केला तेव्हा आतलं पाणी १२० अंशांवर होतं आणि दाब दोन पट. नकाशावर ते बरोबर शिवेवर उभं होतं. कुकर आपोआप निवत असताना तापमान आणि दाब दोन्ही हळूहळू उतरतात आणि पाणी शिवेवरूनच खाली येतं. त्यामुळे ते शांत दिसतं. पण झाकण एकदम काढलं की दाब एका क्षणात एक पट होतो. तापमान मात्र अजून १२० अंशांजवळच असतं. नकाशावर बोट सरळ खाली आणा : ते वाफेच्या गावात जातं. म्हणून पाणी लगेच उकळायला लागतं, तेही फक्त वरून नाही, तर सगळीकडून.

किती वाफ होते? समजा आत ३ लिटर पाणी १२० अंशांवर आहे. त्याला १०० अंशांवर यायला वीस अंशांची उष्णता सोडावी लागते. तेवढ्या उष्णतेत साधारण ११० ग्रॅम पाण्याची वाफ होते, म्हणजे जेमतेम अर्धा पेला. पण उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ सुमारे पावणेदोन लिटर जागा घेते. अर्ध्या पेल्याची वाफ झाली पावणेदोनशे लिटरच्या आसपास. ती एका दमात बाहेर पडते आणि डाळ बरोबर घेऊन जाते. म्हणून आच बंद असणं किंवा शिट्टी थांबणं ही कुकर उघडण्याची खूण नाही. शिट्टी जरा उचलून बघितली आणि वाफ अजिबात आली नाही, झाकण हलक्या हाताने निघालं, तरच आतला दाब बाहेरच्या एवढा झाला असं समजायचं.

इथे एक अडचण काढायला हवी. नकाशा म्हणतो की ३० अंशांना, एक पट दाबाला पाणी हे पाणीच राहतं. मग अंगणातले कपडे वाळतात कसे? कारण हा नकाशा फक्त पाणी असलेल्या बंद भांड्याचा आहे. त्यात हवा धरलेली नाही. अंगणात हवेचा दाब एक पट असला, तरी त्यात वाफेचा वाटा अगदी थोडा असतो. ३० अंशांना शीव ०.०४ पट दाबावर आहे. हवेतल्या वाफेचा वाटा त्यापेक्षा कमी असेल तोवर कपडे वाळतात. श्रावणात तो वाटा शिवेच्या जवळ पोचतो आणि कपडे दोन दिवस दोरीवर ओले राहतात.

हाच नियम कुकरलाही लागतो. सुरुवातीला आत हवा असते. ती बाहेर जाण्याआधीच शिट्टी बसवली, तर दोन पट दाबातला काही वाटा हवेचाच राहतो. मग भांड्यांभोवतीची वाफ १२० अंशांना पोचत नाही आणि वरच्या डब्यातला भात कच्चा राहतो. ज्या कुकरची शिट्टी वेगळी बसवायची असते, त्यात आधी वाफेची सलग धार येऊ द्या आणि मग शिट्टी ठेवा.

आता याच शिवेवरून खाली, डावीकडे उतरत जाऊ. एका ठिकाणी तिन्ही शिवा मिळतात. हा त्रिबिंदू. तापमान ०.०१ अंश आणि दाब ०.००६ पट, म्हणजे हवेच्या दाबाच्या एकशे साठाव्या भागाएवढा. इथे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकाच भांड्यात टिकून राहतात. ही जागा कधीच हलत नाही. म्हणून १९५४ पासून २०१९ पर्यंत जगात तापमानाचं एकक याच बिंदूवरून ठरवलेलं होतं.

त्रिबिंदूच्या खाली पाण्याचं गावच नाही. तिथे बर्फ तापवला तर तो वितळत नाही, सरळ वाफ होतो. गोवराच्या लसीच्या बाटलीत कोरडी पूड असते आणि नर्सताई त्यात द्रव मिसळून मग टोचतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ती पूड अशीच होते : लस आधी गोठवतात, मग पंपाने हवा काढून दाब खूप उतरवतात आणि बर्फ वाफ होऊन निघून जातो. लस उकळावी लागत नाही, म्हणून ती खराब होत नाही.

आता उलट दिशेला, शिवेवरून वर चढू. ही रेघ कायम चढत राहत नाही. ३७४ अंश आणि २१८ पट दाबाला ती संपते. हा क्रांतिक बिंदू. चढताना गरम पाणी फुगून हलकं होत जातं आणि दाबलेली वाफ जड होत जाते. शेवटी दोघांचं वजन सारखंच होतं आणि त्यांच्यातला पृष्ठभाग नाहीसा होतो. पुढे 'हे पाणी' आणि 'ही वाफ' असं वेगळं दाखवता येत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती कानाने. १८२२ साली फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर यांनी बंदुकीच्या जाड नळीत द्रव आणि गारगोटीची गोळी घालून नळी पक्की बंद केली. ही नळी म्हणजे कुकरच्या पूर्वजाचाच, डेनी पापँ यांच्या भांड्याचा, एक मजबूत प्रकार. नळी तापवून हलवली की गोळी द्रवात पडल्याचा आवाज यायचा. एका तापमानानंतर तो आवाज बंद झाला, कारण गोळी ज्यात पडेल असा द्रवाचा पृष्ठभागच उरला नव्हता. आज नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या मोठ्या संचांत पाणी याच बिंदूच्या पलीकडच्या दाबाला तापवतात.

राहिली तिसरी शीव, बर्फ आणि पाणी यांच्यातली. ती त्रिबिंदूपासून जवळजवळ सरळ वर जाते, पण किंचित डावीकडे झुकून. बहुतेक पदार्थांची ही रेघ उजवीकडे झुकते. कारण घट्ट पदार्थ द्रवापेक्षा कमी जागा घेतो. वितळलेल्या मेणात मेणाचा तुकडा बुडतो, तो यामुळेच. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये फुटते ती म्हणून. दाब वाढला की पदार्थ कमी जागेच्या रूपाकडे जातो. बर्फासाठी ते रूप म्हणजे पाणी. म्हणून बर्फ दाबला की शून्याखालीही वितळू शकतो.

पण किती दाबावं लागतं ते बघा. वितळण्याचं तापमान फक्त १ अंश खाली आणायला सुमारे १३५ पट दाब लागतो. नखाएवढ्या जागेवर १३५ किलो! बर्फावर घसरपट्टीचे बूट माणसाच्या वजनाने बर्फ वितळवूनच घसरतात, असं बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं. बुटाच्या पात्याखाली नखाएवढी जागा धरली आणि बाईचं वजन ६० किलो, तर फरक अर्ध्या अंशाहूनही कमी पडतो. उणे दहा अंशांच्या बर्फावर तो पुरत नाही. तिथे घासण्याची ऊब आणि बर्फाच्या अंगचाच पातळ ओलसर थर हे खरं काम करतात. आणि दाबून दाबून तरी किती? उणे २२ अंशांच्या खाली कितीही दाबलं तरी हा बर्फ पाणी होत नाही. तो वेगळ्याच बांधणीचा, जड बर्फ होतो.

घरी करून बघायचं असेल तर डब्यात बर्फाची ५ सेंटिमीटर रुंद वीट गोठवा. बाहेर काढून तिला पाणी सुटू द्या. ती दोन पाटांवर टेकवा, तिच्यावरून बारीक तांब्याची तार टाका आणि तारेच्या दोन टोकांना पाण्याने भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या बांधा. तारेखाली साधारण २५ पट दाब येतो, म्हणजे वितळण्याचं तापमान एक पंचमांश अंशाने उतरतं. तार हळूहळू आत शिरते आणि तिच्यावरचं पाणी, दाब सुटल्यामुळे, पुन्हा गोठतं. तार आरपार जाते आणि वीट अखंड राहते. नायलॉनची दोरी लावली तर खूपच वेळ लागतो. कारण वितळायला लागणारी उष्णता तांब्यातून चटकन पोचते, नायलॉनमधून पोचत नाही. दाब फक्त वाट उघडतो, वितळवण्याचं काम उष्णतेचंच. आणि फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांना हीच तार तशीच बसून राहते.

ताईंनी नकाशा स्वतःच्या हाताने काढला. १२० अंशांवर बोट ठेवून ते सरळ खाली आणलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पाणी शांत नव्हतं, दाबून बसवलेलं होतं." आता केंद्रातल्या कुकरवर नजर त्याच ठेवतात. वाफ पूर्ण गेल्याशिवाय त्या कुणालाही झाकणाला हात लावू देत नाहीत.