साहेबालाच छळलं जातं तेव्हा

ऑफिसातला छळ म्हणजे साहेबाने हाताखालच्यांचा केलेला, असंच आपण धरून चालतो. जपानच्या कामगार मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं मात्र उलट दिशेचा छळही मान्य करतात. ज्याच्या माहितीशिवाय आणि अनुभवाशिवाय काम पुढे सरकत नाही, त्या कनिष्ठाचं पारडं वरिष्ठापेक्षा जड असू शकतं. सगळ्या कनिष्ठांनी एकजूट केली तरीही तेच होतं. नव्या मॅनेजरची अडचण नेमकी इथे असते. खुर्ची त्याची, पण किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला.

समजा, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात बाहेरून नवी मॅनेजर आली. ही जागा आपल्याला मिळणार, अशी तिथल्या जुन्या सुपरवायझरची खात्री होती. दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या गाड्यांची यादी रोज दुपारी चारपर्यंत द्या, असं ती सांगते. तो ‘हो मॅडम’ म्हणतो, पण यादी येत नाही. विचारलं तर, ‘असं काही सांगितलंच नव्हतं.’ मीटिंगचा निरोप सगळ्यांना जातो, हिला सोडून. पंधरवड्यात कँटीनमध्ये कुजबुज सुरू होते: आधीच्या कंपनीतून काढलंय, इथे वशिल्याने आली.

यातली एकेक गोष्ट वरिष्ठांना सांगायला गेलं तर क्षुल्लक वाटते. ‘टीम सांभाळता येत नाही का?’ हा प्रश्न ठरलेला. म्हणून नोंद पहिल्या आठवड्यापासून हवी आणि तिची सुरुवात आपल्याच आदेशापासून हवी. तोंडी सांगितलेलं त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने पक्कं करावं: काय, कोणी, किती वाजेपर्यंत. मग ‘सांगितलंच नव्हतं’ ही पळवाट बंद होते.

नोंदवहीत ‘सुपरवायझर उद्धट वागले’ असं लिहिलं तर चौकशीत त्याला काडीची किंमत नसते. कामाची नोंद अशी असते: ‘मंगळवार, दुपारी ४.२०, डिस्पॅच ऑफिस. यादी मागितली. सुपरवायझर म्हणाले, “इतकी वर्षं अशाच गाड्या काढतोय, यादीबिदी तुम्हीच करा.” स्टोअरकीपर हजर होते. बुधवारी पुण्याची गाडी सहाऐवजी साडेआठला सुटली. गेट रजिस्टरच्या पानाची प्रत जोडली आहे.’ यात एकही विशेषण नाही, आणि गेट रजिस्टर मॅनेजरच्या हातचं नाही, म्हणून त्याचं वजन जास्त.

आता अवघड भाग. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांपासून, वरिष्ठाचा कायदेशीर आणि वाजवी आदेश एकट्याने किंवा इतरांच्या साथीने हेतुपुरस्सर मोडणं हे गैरवर्तन मानलं गेलं आहे. ‘वाजवी’ आणि ‘हेतुपुरस्सर’ या दोन शब्दांवर बहुतेक तक्रारी अडकतात. आपल्या उदाहरणात चौकशी केल्यावर कळतं, की प्रॉडक्शनचे आकडेच पावणेचारला येतात. म्हणजे चारची वेळ सुपरवायझरला खरोखर अडचणीची होती. मॅनेजरने तेही नोंदवावं आणि लेखी कळवून वेळ साडेचार करावी. त्यानंतरही यादी आली नाही, तर मुद्दाम टाळलं म्हणायला आधार मिळतो. कामाच्या पद्धतीबद्दल तोंडावर केलेला विरोध हा छळ नव्हे. तोही छळाच्या खात्यात टाकणाऱ्या मॅनेजरवर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही.

अफवेची नोंद वेगळी. ती मूळ कोणी उठवली हे बहुधा सिद्ध होत नाही, त्यामुळे अंदाजाने नाव लिहू नये. आपल्याला कोणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगितलं आणि त्या माणसाने ते स्वतः कोणाकडून ऐकलं, एवढंच लिहावं. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर असेल तर तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट घ्यावा आणि मूळ संदेश फोनमधून पुसू नये. छुपं रेकॉर्डिंग, किंवा ऑफिसच्या मेल घाऊकपणे स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवणं, यातून कंपनीचे नियम मोडून उलट आपल्यावरच कारवाई ओढवू शकते.

तीन-चार घटना जमल्या, की तारखांच्या क्रमाने एका पानावर मांडून वरिष्ठ आणि एचआरला लेखी द्याव्यात. वर्षभर साठवून एकदम फाइल आपटली, तर तीच सूडाची तयारी वाटते. पुढे कारणे दाखवा नोटीस निघाली, तर तिच्यातले आरोप याच तारखांवर उभे राहतात. सुपरवायझरला आपली बाजू मांडण्याचा आणि साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. स्टोअरकीपर त्या दिवशी ‘मला आठवत नाही’ म्हणू शकतो, कारण त्याला तिथेच नोकरी करायची असते. तेव्हा उपयोगी पडतो तो ईमेल आणि गेट रजिस्टर. म्हणून नव्या जागेवर रुजू होणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून आपले आदेश लेखी द्यावेत.