तिसरं पेन आणि पस्तीस तास

आयव्हीएफची इंजेक्शनं सुरू झाली की घरात कागद वाढू लागतात. सोनोग्राफीची चिठ्ठी फाइलमध्ये, लॅबचा रिपोर्ट नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर, औषधांची यादी फ्रिजच्या दारावर. ‘उद्या सकाळपासून दुसरं इंजेक्शनही चालू करा’ हा सिस्टरचा निरोप तर फोनवर ऐकलेला असतो, लिहिलेला कुठेच नसतो. केंद्र पुण्यात आणि सोनोग्राफी कराडला असेल, तर पाहायलाच नको. हे सगळं एका तक्त्यात, एका दिवसाला एक ओळ असं उतरवलं, तर एरवी नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी दिसू लागतात.

लुईस ब्राउन १९७८ साली जन्मली, तेव्हा तिच्या आईला बीजवाढीची इंजेक्शनं दिलेलीच नव्हती. नैसर्गिक पाळीतलं एकच बीज मिळवायचं होतं आणि ते केव्हा सुटणार हे लघवीतल्या एलएच या संप्रेरकावरून ताडायचं होतं. आज रोज इंजेक्शन देऊन अंडाशयातले बरेच फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पाण्याच्या पिशव्या, एकदम मोठे केले जातात. शरीराचं वेळापत्रक बाजूला ठेवून आपलं चालवायचं, म्हणून नोंदीला एवढं महत्त्व.

एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण आकडे नेहमीच्या व्यवहारातले आहेत. बाई बत्तीस वर्षांची. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून बारा बारीक फॉलिकल दिसले, इस्ट्रॅडिओल ३८ पिकोग्रॅम. त्याच संध्याकाळी एफएसएचचं इंजेक्शन सुरू झालं, रोज २२५ युनिट, पोटावर. तक्त्यात हा ‘इंजेक्शनचा पहिला दिवस’ आणि ‘पाळीचा दुसरा दिवस’. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. डॉक्टर एक मोजत असतात, पेशंट दुसरा, आणि फोनवर ‘सहाव्या दिवशी या’ म्हटलं की गोंधळ होतो.

सहाव्या दिवशी सोनोग्राफी झाली. सर्वात मोठा फॉलिकल जेमतेम १० मिलिमीटर, इस्ट्रॅडिओल २१०. अपेक्षेपेक्षा बरंच कमी. नुसता रिपोर्ट हातात असता, तर सरळ अर्थ निघाला असता की अंडाशय दाद देत नाही, डोस ३०० करा. पण या बाईच्या तक्त्यात ‘सांगितलेला डोस’ या रकान्याशेजारी ‘पेन नंबर’ असा रकाना होता आणि पाचव्या दिवसासमोर तिथे ३ लिहिलं होतं.

आता हिशेब करू. तिच्याकडची पेनं ३०० युनिटची होती. पाच दिवसांचे ११२५ युनिट व्हायला हवेत, म्हणजे तीन पेनं रिकामी होऊन चौथं चालू असायला हवं. तिसरंच चालू होतं, कारण पहिल्या दिवशी २२५ गेल्यावर पेनात ७५ च उरले होते. दुसऱ्या दिवशी तिने २२५ वर चकती फिरवली, टोचलं, बटण दाबलं आणि पेन संपलं म्हणून टाकून दिलं. अशा पेनात औषध अपुरं पडलं, तर खिडकीत शून्य येत नाही. राहिलेला डोस, इथे १५०, तसाच दिसत राहतो आणि तो नव्या पेनातून घ्यायचा असतो. चौथ्या दिवशीही तेच झालं. थोडक्यात, अंडाशयाला मिळाले होते ८२५. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, आहे तोच पुरा घ्यायला सांगितला. माझ्या मते ‘घेतलं’ अशी बरोबरची खूण करण्यापेक्षा खिडकीत शेवटी कोणता आकडा दिसला तो लिहिणं जास्त कामाचं.

पुढच्या ओळी सुरळीत आल्या. आठव्या दिवशी सर्वात मोठा १३ मिलिमीटर, इस्ट्रॅडिओल ५२०. दहाव्या दिवशी १६ आणि १२४०. फॉलिकल दिवसाला साधारण दीड-दोन मिलिमीटर वाढतो, त्यामुळे या चालीत वावगं काही नाही. मात्र एका मशीनवर १५ आणि दुसरीकडे १६ दिसलं, तर ती वाढ समजू नये. एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. रक्ताचंही तसंच, लॅब बदलली की आकडा हलतो. लंडनमध्ये उपचार अर्धे करून इकडे आलेल्या बाईने तर एकक आधी बघावं. तिथे इस्ट्रॅडिओल पिकोमोलमध्ये देतात, आणि आपले १२४० तिथे साडेचार हजारांच्या वर दिसतात.

आठव्या दिवसापासून तक्त्यात सकाळचं दुसरं इंजेक्शन आलं, सेट्रोरेलिक्स, ०.२५ मिलिग्रॅम. मेंदूने वेळेआधीच एलएच सोडून बीजं फोडू नयेत, म्हणून हा बांध. हे चुकलं तर ते तक्त्यात तीन रकान्यांत मिळून दिसतं: एलएच उसळतं, प्रोजेस्टेरॉन चढू लागतं, आणि रोज वाढणारं इस्ट्रॅडिओल थबकतं किंवा उतरतं. यातला एकच आकडा पाहून काही ठरवता येत नाही.

बाराव्या दिवशी १९, १८, १८, १७, १७, १६, १५, १४ असे आठ मोठे फॉलिकल आणि चार लहान. इस्ट्रॅडिओल २१५०. पिकत आलेल्या एका फॉलिकलमागे दोनशे ते तीनशे हा ढोबळ ठोकताळा लावला तर मेळ बसतो. प्रोजेस्टेरॉन ०.९. ते दीडच्या वर गेलं असतं, तर गर्भाशयाचं अस्तर पुढे धावतं, म्हणून बरीच केंद्रं त्या महिन्यात गर्भ न सोडता गोठवून ठेवतात. आठ फॉलिकल म्हणजे आठ बीजं मात्र नव्हेत. काही रिकामे निघतात, काहींतलं बीज कच्चं असतं.

आणि मग ट्रिगर, बीजाला शेवटची पक्वता देणारं इंजेक्शन. इथून तक्ता तासांवर येतो. ट्रिगर मंगळवारी रात्री २१:३० ला, बीजं काढायची गुरुवारी सकाळी ८:३० ला, मध्ये पस्तीस तास. लवकर गेलं तर बीज भिंतीपासून सुटत नाही, फार उशीर झाला तर आधीच बाहेर पडतं. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात, तारखेसकट लिहावी. ‘मंगळवारी रात्री साडेबारा’ म्हटलं की घरातल्यांना एक रात्र कळते, कॅलेंडरला दुसरी. आणि ठरलेली नव्हे, प्रत्यक्ष टोचल्याची वेळ लिहावी. ट्रॅफिकमुळे इंजेक्शन अकराला झालं असेल, तर साडेतेहेतीसच तास उरतात. हे त्याच रात्री कळवलं, तर ऑपरेशनची वेळ पुढे सरकवता येते. गुरुवारी टेबलावर सांगून उपयोग नाही.

ट्रिगर कोणतं, हेही लिहावं. एचसीजीचं असेल, तर दुसऱ्या दिवशी घरच्या प्रेग्नन्सी किटवर दोन रेघा येतात. ती गर्भधारणा नव्हे, औषध अंगात पोचल्याची खूण. फॉलिकल वीसेक झाले आणि इस्ट्रॅडिओल साडेतीन हजारांवर गेलं, तर अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोका असतो. अशा वेळी बहुधा एचसीजी टाळून ल्युप्रोलाइडसारखं ट्रिगर देतात. त्यावर किट काही दाखवत नाही. तिथे दुसऱ्या सकाळी रक्तातलं एलएच आणि प्रोजेस्टेरॉन पाहतात.

शेवटच्या ओळीत दोनच आकडे: किती बीजं निघाली, त्यातली पक्व किती. या बाईची सात निघाली, पाच पक्व. पुन्हा उपचार करायची वेळ आलीच, तर नवे डॉक्टर आधी हेच विचारतील आणि मग बाराव्या दिवसाच्या मापांवर बोट ठेवून ठरवतील, की पुढच्या खेपेला ट्रिगर आणखी एक दिवस थांबवायचं का.