संमतीपत्राची मुदत आणि कॅलेंडरमधली तारीख

परवा एका मित्राच्या कारखान्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र वाचलं. कॅलेंडरमध्ये त्याने एकच तारीख टाकली होती: 31 मार्च 2027, मुदत संपण्याची.

मी आधी अटींची पानं उघडतो. तिथे लिहिलं होतं, नूतनीकरणाचा अर्ज किमान 60 दिवस आधी करा. म्हणजे खरी तारीख 30 जानेवारी! शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, त्यासाठी सीएचा दाखला लागतो. म्हणून तयारीची नोंद 1 डिसेंबरला केली.

पुढच्या अटीत पर्यावरण विवरणपत्र होतं, दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत. मुदत पाच वर्षांची असली तरी ही नोंद दरवर्षी यायला हवी. नेमकी हीच सुटते.

प्रत्येक नोंदीसमोर अट क्रमांक आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा.

तुमच्या परवान्यातली एखादी अट कळत नसेल तर विचारा.